टिपणांतून तीन मिनिटांची चित्रफीत

व्याख्यानाची टिपणे वाचण्यासाठी असतात, चित्रफितीची संहिता ऐकण्यासाठी. त्यामुळे टिपणांना कात्री लावून संहिता तयार होत नाही, ती नव्याने लिहावी लागते. भूगोलातला ‘ऋतू का होतात’ हा पाठ उदाहरणादाखल घेऊ.

टिपणांत पृथ्वीचा कललेला आस, लंबवर्तुळाकार कक्षा, अयनदिन, विषुवदिन, ध्रुवावरची सहा महिन्यांची रात्र असे सगळे असते. समजेल अशा सावकाश मराठीत मिनिटाला साधारण शंभर शब्द बोलता येतात. म्हणजे तीन मिनिटांत तीनशे. तेवढ्यात एकच प्रश्न नीट सुटतो: ऋतू सूर्याच्या अंतरामुळे होतात की आस कलल्यामुळे? ज्याचा या उत्तराला उपयोग नाही, ते कितीही आवडते असले तरी गाळावे.

मग कागदावर दोन रकाने आखायचे आणि प्रत्येक ओळीत एकच विचार ठेवायचा.

| दृश्य | निवेदन |
|---|---|
| स्वेटर घातलेली मुले. कोपऱ्यात ‘जानेवारी’ | जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. तरी आपल्याकडे तेव्हा थंडी असते. |
| भिंतीवर विजेरीचा झोत, आधी सरळ, मग तिरपा | झोत तिरपा झाला की तोच प्रकाश जास्त जागेवर पसरतो. |
| कललेला पृथ्वीगोल सूर्याभोवती फिरतो. आसाची दिशा तीच | जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो, डिसेंबरमध्ये उलट. |

सर्वांत मोठा घोटाळा डाव्या रकान्यात होतो. टिपणांतली आकृती तशीच उचलली, तर कक्षा चपट्या अंड्यासारखी दिसते. पृथ्वी सूर्यापासून जानेवारीत सुमारे १४.७ कोटी आणि जुलैत सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर असते. फरक तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणून प्रमाणात काढलेली कक्षा डोळ्यांना वर्तुळच वाटते. चपटी आकृती पाहणारा ‘जवळ म्हणजे उन्हाळा’ हाच समज पक्का करतो, निवेदन काहीही सांगत असले तरी. त्यामुळे ‘पृथ्वीची आकृती’ एवढेच लिहून भागत नाही. ‘कक्षा वरून पाहिलेली, जवळजवळ गोल’ असे स्पष्ट लिहावे लागते.

दुसरी चूक म्हणजे निवेदनाचेच वाक्य पडद्यावर छापणे. रिचर्ड मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत, चित्र आणि आवाज यांच्या जोडीला तोच मजकूर दाखवला तेव्हा शिकणे बहुधा कमी झाले, कारण डोळे चित्र सोडून अक्षरांकडे वळतात. पडद्यावर ‘जानेवारी’सारखा एखादा शब्द किंवा आकडा पुरे. बहिऱ्या प्रेक्षकांसाठी मात्र उपशीर्षके हवीतच. ती हवी तेव्हा सुरू करता येतील अशी वेगळी द्यावीत.

शेवटी संहिता घड्याळ लावून मोठ्याने वाचावी. जिथे श्वास अपुरा पडतो, ते वाक्य टिपणांतून जसेच्या तसे आलेले असते. नंतर उजवा रकाना झाकून फक्त दृश्ये विषय न शिकलेल्या माणसाला सांगावीत. विजेरीच्या ओळीपाशी त्याला तिरप्या किरणांचा अंदाज आला नाही, तर दुरुस्ती दृश्यात करावी, निवेदन वाढवू नये.