चौकट : त्रैमासिकाचे जाहिरात दरपत्रक

जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावात एखादी संस्था त्रैमासिक काढत असेल, तर दरपत्रक असे मांडता येईल. आकडे नमुन्यादाखल आहेत.

आकार (आतील पान, कृष्णधवल, प्रतिअंक)
पूर्ण पान : २,००० रु.
अर्धे पान : १,१०० रु.
पाव पान : ६०० रु.
मजकूर जुळवणे, मुद्रिते दाखवणे आणि वसुली यांचे कष्ट लहान जाहिरातीलाही तेवढेच पडतात. म्हणून अर्ध्या पानाचा दर निम्म्याहून जास्त.

जागा (रंगीत, पूर्ण पान)
मलपृष्ठ : ३,५०० रु.
मुखपृष्ठाची आतली बाजू : ३,००० रु.
या जागा एकेकच असतात. आगाऊ रक्कम आल्याशिवाय त्या राखून ठेवू नयेत.

सलग चार अंक : १५ टक्के सवलत
समजा, एका कृषी सेवा केंद्राने चार अंकांसाठी अर्धे पान घेतले. ४,४०० रुपयांतून ६६० वजा जाता ३,७४० रुपये, म्हणजे अंकामागे ९३५. दोनच अंकांनंतर त्यांनी जाहिरात थांबवली, तर सवलत लागू राहत नाही. दोन अंकांचे मूळ दराने २,२०० होतात, सवलतीच्या दराने १,८७० आलेले असतात. फरक ३३० रुपये. ही अट नोंदणी अर्जावरच छापावी, नाहीतर फरक मागताना वाद होतो.