ओल्या हातांसाठी हातमोजे

विळीवर मासे कापताना धोका फक्त पात्याच्या धारेचा नसतो. ओला, बुळबुळीत मासा हातातून सटकतो आणि त्याला ढकलणारा हात थेट पात्यावर जातो. म्हणून हातमोजा घेताना दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या: तो कापला जातो का, आणि ओला झाल्यावर त्याची पकड राहते का.

पहिल्याचं उत्तर हातमोज्यावरच छापलेलं असतं. हातोड्याच्या चित्राखाली 4X42C असं काही दिसेल. शेवटचं अक्षर कापण्याला होणारा विरोध सांगतं. A सर्वांत कमी, F सर्वांत जास्त. C म्हणजे चाचणीत ठरावीक अंतर सरकणाऱ्या पात्याला तो कापायला किमान 10 न्यूटन, म्हणजे साधारण एक किलोचा भार लागला. घरच्या भाजी-मासळीला तो पुरे. त्याआधीचा आकडा टोचण्याचा, पण ती चाचणी जाड टोकाने होते. माशाचा काटा किंवा लिंबाचा काटा विणीच्या फटीतून सहज आत शिरतो.

पकडीचा मात्र यात एकही आकडा नसतो. ती तळव्यावरच्या लेपावरून ओळखावी लागते. पीयूचा लेप पातळ असतो. कार्यशाळेत छोटे स्क्रू उचलायला तो उत्तम, पण पाण्यात त्यावर विसंबू नये. सुरकुत्यांचा लॅटेक्स पाण्यात छान धरतो, म्हणून बागेतल्या ओल्या मातीला तो योग्य. मात्र तेलाने तो खराब होतो, शिवाय काहींना लॅटेक्सची ॲलर्जी असते. तेल-ग्रीस असेल तर वाळूसारखा खरखरीत नायट्राइल घ्यावा.

मासे साफ करताना अन्नासाठी चालणारा, लेप नसलेला विणलेला मोजा घालून त्यावर घट्ट बसणारा पातळ नायट्राइलचा मोजा चढवावा. नुसती वीण पाणी शोषते, मग हात आतल्या आत सरकतो. सुरी वापरताना मोजा प्रामुख्याने मासा धरणाऱ्या हाताला हवा. विळीवर दोन्ही हात पात्याजवळ जातात, तिथे दोन्ही हातांत हवा.

मापासाठी अंगठा सोडून तळव्याभोवती टेप गुंडाळा. घेर 20 सेंटिमीटर आला तर 8 नंबर, 23 आला तर 9. बोटांच्या टोकाला रिकामं कापड लोंबत असेल तर मोजा मोठा आहे, आणि ते टोकच पात्याखाली आधी जातं. मूठ वळताना तळवा ताणला जात असेल तर तो लहान. विकत घेतल्यावर मोजा घालून ओली बाटली धरून पाहा. ती घट्ट दाबावी लागली, तर तो लेप तुमच्या कामाचा नाही.

ड्रिलसारख्या फिरत्या यंत्राजवळ मात्र कुठलाच हातमोजा घालू नका. धागा अडकला की यंत्र हातच आत ओढतं.