२२ दिवसांपैकी पूर किती?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पंपाची केसिंग मशीनिंग करून देणारा एक छोटा कारखाना आहे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीकडून तिथे कास्टिंग येतं. नव्या परदेशी खरेदीदाराला फाउंड्रीबरोबरचा करार इंग्रजीत पाहायचा होता. बाकीचा करार झटपट झाला, पण दोन ओळींच्या एका कलमासाठी अनुवादक बाईंनी मालकांना सबंध दुपार राखून ठेवायला सांगितली. हे कळलं आणि मी तिथे गेले.

कलम असं होतं : ‘नैसर्गिक आपत्ती अथवा आवाक्याबाहेरील कारणामुळे माल देण्यास विलंब झाल्यास पुरवठादारास जबाबदार धरता येणार नाही.’ इंग्रजी करारांत अशा कलमाला ‘फोर्स मॅज्योर’ म्हणतात. बाईंनी त्याचं इंग्रजी एका वाक्यात केलं आणि मालकांना विचारलं, “२०१९च्या पुरात कास्टिंग किती उशिरा आलं?”

“२२ दिवस,” मालक म्हणाले. “पण पूरच होता, मॅडम. काय बोलणार?”

“फाउंड्रीत पाणी शिरलं होतं?”

नव्हतं. भट्टी चालू होती, माल तयार होता. पंचगंगेचं पाणी महामार्गावर आल्यामुळे शिरोलीहून शहरात गाडी येत नव्हती. मालकांनी जुनी आवक वही काढली. रस्ता त्यांच्यासाठी ६ दिवस बंद होता. पुढचे १६ दिवस फाउंड्रीने आधी दुसऱ्या मोठ्या गिऱ्हाइकाचा माल काढला होता.

बाईंनी पेन्सिलीने कागदावर दोन आकडे लिहिले, ६ आणि १६. कूलंटच्या वासाने भरलेल्या त्या केबिनमधलं माझ्या मनात अजून रेंगाळतं ते हेच. पूर आला म्हणून २२ दिवस माफ होत नाहीत. पुरामुळे जेवढे गेले तेवढेच माफ होतात. कोणाचा माल आधी काढायचा हे फाउंड्रीच्या हातात होतं, म्हणजे ते आवाक्याबाहेरचं कारण नव्हतं. मालकांनी मात्र सगळे २२ दिवस पुराच्या खाती टाकून स्वतः सोसले होते.

भावाचंही तसंच. भंगार आणि पिग आयर्न महागलं की ‘परवडत नाही’ म्हणून फाउंड्री हात वर करू शकते का, असं मालकांनी विचारलं. निव्वळ महागाईने करार सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये ‘एनर्जी वॉचडॉग’ प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तिथे वाद इंडोनेशियातल्या कोळशाच्या वाढलेल्या दराचा होता. करारात फोर्स मॅज्योरचं कलमच नसेल, तर १८७२च्या करार कायद्याचं कलम ५६ उरतं. पण ते करार पाळणं अशक्य किंवा बेकायदा झालं तरच कामाला येतं, आणि मग करारच संपतो. चार दिवसांच्या उशिराला त्याचा उपयोग नाही.

खरी अडचण पुढे होती. खरेदीदाराच्या करारात, संकट आल्यापासून ७ दिवसांत लेखी कळवणं ही सवलतीची अटच होती. फाउंड्रीवर कळवण्याचं काहीच बंधन नव्हतं. २०१९मध्ये तिचं पत्र नवव्या दिवशी आलं होतं. तसंच पुन्हा झालं तर खरेदीदाराकडे मालकांची मुदत आधीच उलटलेली असेल. फाउंड्री सुटेल आणि दंड मालक भरतील.

“मग इंग्रजीत सात दिवस घालून टाका की,” मालक म्हणाले.

बाईंनी साफ नकार दिला. फाउंड्रीने सही मराठी करारावर केली आहे. तिने न स्वीकारलेली अट इंग्रजीत आली तर खरेदीदार फसेल आणि वाद झाला की मराठी मूळ बाहेर येईल. मला त्यांचा हा नकार त्या दुपारचं सर्वांत मोलाचं काम वाटतो. अनुवाद त्यांनी आहे तसाच मोघम ठेवला. त्रुटी वेगळ्या कागदावर लिहून दिल्या आणि दोघांच्या सहीचा पुरवणी करार सुचवला : फाउंड्रीने ३ दिवसांत लेखी कळवावं, संकटामुळे जेवढे दिवस गेले तेवढीच मुदत वाढावी, आणि दोन भाषांत फरक पडला तर मराठी मजकूर ग्राह्य धरावा.

मालक घुटमळले. इतकी वर्षं शब्दावर व्यवहार चालला, आता कागद पुढे केला तर फाउंड्रीवाल्यांना राग येईल, असं त्यांना वाटत होतं. बाई म्हणाल्या, “त्यांनाही सांगा, हे ६ दिवस कोणी त्यांच्याकडून हिसकावून घेऊ शकणार नाही. आज मोघम कलमावर त्यांना तेवढीसुद्धा खात्री नाही.”

“आणि तीनच दिवस का?”

“कारण तुमच्याकडे सात आहेत. त्यांचं पत्र तिसऱ्या दिवशी आलं, तर रस्त्याची खातरजमा करून खरेदीदाराला लिहायला तुम्हाला चार उरतात.”