एकविसाव्या दिवसाची गफलत

बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडलं की मागे उरलेली पिशवी प्रोजेस्टेरॉन तयार करू लागते. साधारण आठवडाभरात त्याची रक्तातली पातळी सर्वात वर जाते. म्हणून मूल हवं असलेल्या स्त्रीला पाळीच्या एकविसाव्या दिवशी ही तपासणी सांगतात. पण हा दिवस अठ्ठावीस दिवसांच्या चक्रासाठी आहे.

समजा, एखादीची पाळी पस्तीस दिवसांनी येते. तिचं बीज साधारण एकविसाव्या दिवशीच सुटतं. त्या दिवशी रक्त दिलं, तर अहवालात १ नॅनोग्रॅमच्या आसपासचा आकडा येतो आणि ‘बीज सुटत नाही’ असा शिक्का बसतो. हा तिच्यावर अन्यायच आहे. तीच तपासणी अठ्ठाविसाव्या दिवशी, म्हणजे पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी केली, तर आकडा ११ येऊ शकतो.

मिलिलिटरला ३ नॅनोग्रॅमच्या वर पातळी असेल, तर बीज सुटलं असं मानतात. हे संप्रेरक लाटांसारखं स्रवतं, काही तासांतही आकडा बराच बदलतो. त्यामुळे ८ पेक्षा १५ चांगले, असं समजू नका. बीजाचा दर्जा किंवा गर्भनलिका मोकळ्या आहेत का, हे यातून कळत नाही. रक्त दिल्यानंतर पाळी कधी आली, ती तारीख डॉक्टरांना जरूर सांगा.