भोपळा रशियनमध्ये उडी कशी मारतो?

म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट मराठी घरात कुणी वाचून दाखवत नाही, ती सांगितली जाते. सांगणाऱ्यागणिक जंगलातले प्राणी बदलतात, लेकीकडचं जेवण बदलतं. पण गाण्यासारख्या दोन जागा कुणी बदलत नाही. म्हातारी वाघाला पटवते ती एक, आणि भोपळा जंगलातून टुणुक टुणुक निघतो ती दुसरी. त्या ओळी सगळ्यांना पाठ आहेत, म्हणून इथे देत नाही. ही गोष्ट पाच वर्षांच्या रशियन मुलाला सांगायची असेल तर बाकीचा मजकूर एका दुपारी होतो. खरं काम आहे ते या दोन जागांचं.

रशियनमध्ये अशा कामासाठी वेगळा शब्द रूढ आहे : 'पेरेस्काझ', म्हणजे पुन्हा सांगणं. बरीस झाखोदेर यांनी 1960 साली 'विनी द पू' रशियनमध्ये आणलं तेव्हा ते स्वतःला अनुवादक न म्हणवता पुन्हा सांगणारा म्हणवत. हे विनयाने केलेलं नाही. त्या शब्दात एक सवलत आहे आणि एक अटही. सवलत अशी, की मूळ शब्दाला चिकटून राहायचं बंधन नाही. अट अशी, की मूल हसलं पाहिजे, आणि तेही त्याच जागी हसलं पाहिजे.

पहिली अडचण तालाची. मराठी बडबडगीताचा ताल मात्रांवर चालतो. ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. आणि कुठे कमी पडलंच तर आजी स्वर लांबवते, टाळी भरून काढते. मराठी कानाला त्यात काही खटकत नाही. रशियन पद्यात ही सोय नाही. तिथे ताल आघातावर चालतो. प्रत्येक शब्दात एक अक्षर जोरात उच्चारलं जातं, ते कुठलं हे ठरलेलं असतं, आणि ते सरकवलं तर शब्दच बदलतो. 'झामक' असा पहिल्या अक्षरावर जोर दिला तर किल्ला, आणि 'झामोक' असा दुसऱ्यावर दिला तर कुलूप. लिहिताना मात्र दोन्ही सारखेच. जोर नसलेले स्वर पुसट होतात, 'ओ'चा 'अ' होतो. त्यामुळे आजीने कितीही लांबवलं तरी चुकीच्या जागी बसलेला रशियन शब्द ताल धरत नाही.

म्हणून सरळ शब्दाला शब्द ठेवून पाहिला तर काय होतं बघा. 'चल' म्हणजे 'इदी', जोर 'दी'वर. भोपळा म्हणजे 'तीक्वा', जोर 'ती'वर. 'इदी, तीक्वा' म्हटलं की दोन आघात एकमेकांवर आदळतात, आणि जीभ मध्ये थांबते. भोपळा पहिल्याच उडीला अडखळून पडतो. पुढे 'तुनुक-तुनुक' असं तसंच ठेवलं, तर रशियन मुलाला तो उडीचा आवाज आहे हे कळायला मार्ग नाही. ते कुणाचं तरी नाव वाटेल.

आता मूळ टुणुककडे नीट कान देऊ. लिहिताना तीन अक्षरं दिसतात, पण बोलताना दोनच ऐकू येतात : 'टु' हलकं, 'णुक' जड. हलकं-जड, हलकं-जड. भोपळा आधी दबतो आणि मग आपटतो, ते या जोडीतून कळतं. रशियनमध्ये ही जोडी हवी आहे. पण रशियन लहान मुलांची गाणी बहुतेक उलट्या चालीची असतात : जड-हलकं, जड-हलकं. या चालीला 'खरेय' म्हणतात. कर्नेय चुकोव्स्की यांनी 'दोन ते पाच' या पुस्तकात मुलं स्वतःहून जे पद्य रचतात त्याचा अभ्यास केला आहे. त्यात ही चाल सर्वांत जास्त आढळते असं त्यांचं निरीक्षण होतं. मुलांच्या तोंडची चाल सोडायची नाही, आणि भोपळ्याची उडीही गमवायची नाही.

रशियनमध्ये उडीसाठी फार छान शब्द आहेत : 'प्रीग' आणि 'स्कोक'. ही क्रियापदांचीच तोडलेली, एकअक्षरी रूपं आहेत, आपल्या 'टपकन', 'धपकन'च्या जवळची, आणि क्रिया एका झटक्यात संपल्याचं सांगणारी. त्यांतून मी ही ओळ बांधली :

तीक्वा, तीक्वा, प्रीग दा स्कोक,
चेरेझ कोच्कू, झा लेसोक!

अर्थ : भोपळ्या, भोपळ्या, उडी आणि टप्पा, उंचवट्यावरून, रानापलीकडे. वरवर पाहता ही सरळ खरेय आहे. पण 'तीक्वा'चा शेवटचा 'वा' हलका आहे, 'दा'ही हलका आहे. ओळीचा शेवट 'वा-प्रीग, दा-स्कोक' असा ऐका. हलकं-जड, हलकं-जड. टुणुक टुणुकचा ठेका शब्दांच्या सांध्यात मिळाला. 'तीक्वा'चं लाडाचं रूप 'तीकव्का' वापरायचा मोह होता, कारण रशियन गोष्टीत असे लाडके शब्द शोभतात. पण त्यात जडामागे दोन हलकी अक्षरं येतात, ओळ झोके घेऊ लागते आणि भोपळ्याचा पाळणा होतो.

या ओळीत 'कतीस', म्हणजे गडगडत जा, हा शब्द मुद्दाम टाळला आहे. गोल वस्तू, जंगल, वाटेत भेटणारे प्राणी आणि गाणं एवढं ऐकलं की रशियन मुलाच्या डोक्यात 'कलबोक' येणारच. ही तिकडची घरोघरची गोष्ट : आजी-आजोबांकडून पळालेला पिठाचा गोळा ससा, लांडगा आणि अस्वल यांना गाणं म्हणून चकवतो आणि शेवटी कोल्हीच्या तोंडात जातो. तो गडगडत जातो. आपला भोपळा उडी मारत गेला तर दोघे वेगळे राहतात. तरीही मुलाला आतून वाटत राहणार, की गाणारा शेवटी खाल्ला जातो. सांगणाऱ्याला ती भीती फुकटात मिळते, ती का सोडायची?

आता म्हातारीची थाप. भोपळ्यात बसून ती सांगते, की मला म्हातारी-बितारी काही ठाऊक नाही. मूळात 'म्हातारी'ला जोडून येणारा जो निरर्थक यमकशब्द आहे, त्याला मूल हसतं. रशियनमध्ये अशी जोडी करायची एक बोलीतली पद्धत आहे : शब्दाच्या सुरुवातीला 'श्म' लावायचं, 'बाब्का-श्माब्का'. पण त्यात मोठ्यांचा तुच्छतेचा सूर येतो, आणि म्हातारीने स्वतःला असं हिणवणं मला पटलं नाही. खेळकर जोडी हवी, हिणवणारी नको. 'स्तारूश्का' म्हणजे म्हातारी. तिच्याशी यमक जुळणारी एक खाण्याची वस्तू प्रत्येक रशियन मुलाला माहीत आहे : 'वात्रूश्का', मध्ये दह्याच्या चक्क्यासारखं सारण भरलेला गोल पाव. मग झालं असं :

नी स्तारूश्की, नी वात्रूश्की
न्ये विदाला ना अपूश्क्ये!

रानाच्या कडेला मी ना म्हातारी पाहिली, ना पाव. भुकेल्या वाघासमोर खाण्याचं नाव घ्यायचं आणि तेही नाही म्हणायचं, हा मूळात नसलेला खट्याळपणा इथे आला. निरर्थक शब्दाच्या जागी अर्थाचा शब्द आला, हा तोटा मी मान्य करतो. पण हसू त्याच जागी राहिलं.

'विदाला' या रूपात अजून एक गंमत लपली आहे. रशियन भूतकाळ बोलणाऱ्याचं लिंग दाखवतो. मराठीत भोपळा पुल्लिंगी, म्हातारी स्त्रीलिंगी. रशियनमध्ये 'तीक्वा' आणि 'स्तारूश्का' दोन्ही स्त्रीलिंगी. त्यामुळे आतून म्हातारी बोलली तरी वाघाला ते भोपळ्याचंच बोलणं वाटू शकतं, थाप व्याकरणातही पकडली जात नाही. लिंगाचा असा परिणाम उलटाही होतो. किपलिंगच्या 'जंगल बुक'मधला बघीरा हा नर; रशियनमध्ये बिबळ्याचा शब्द स्त्रीलिंगी म्हणून तिथे बघीरा मादी झाली, आणि रशियन मुलांच्या पिढ्या तिला तशीच ओळखतात. आपल्या गोष्टीतला कोल्हाही असाच पेच टाकतो. 'लिसा' म्हटलं तर तो कोल्ही होतो, कलबोकला खाणारी धूर्त कोल्ही. महाराष्ट्रात कोल्हा म्हणतात तो प्राणी खरं तर 'शकाल', पुल्लिंगी. पण तो शब्द ऐकताच मुलांना 'माउग्ली' या सोव्हिएत कार्टूनमधला लाळघोटा तबाकी आठवतो. मी कोल्हा गाळला आणि वाघ ठेवला. लांडगा ठेवला असता तर आजी, जंगल आणि लांडगा मिळून लाल टोपीवालीची गोष्ट सुरू झाली असती.

राहिली वाघाला पटवण्याची जागा. म्हातारी म्हणते, आता मी वाळकी आहे, लेकीकडे जाऊन खाऊनपिऊन जाडजूड होऊन येते, मग खा. इथे यमकाचा प्रश्न उघडा पडतो. मराठी वाक्य क्रियापदाने संपतं, त्यामुळे क्रियापदांची यमकं सहज पडतात आणि कुणाला खटकत नाहीत. रशियन कानाला नुसतं क्रियापदावर क्रियापद जुळवणं आळशी वाटतं. चुकोव्स्कींचा मुलांच्या कवींना आग्रह होता, की ओळीतला महत्त्वाचा अर्थ यमकाच्या शब्दातच असावा. रशियन वाक्यात शब्दांची जागा मोकळी असल्याने हे जमतं, नाम शेवटी नेता येतं. म्हणून मी आधी यमकं शोधली : 'कोस्ती' म्हणजे हाडं, 'गोस्ती' म्हणजे पाहुणचाराला, 'दोच्की' म्हणजे लेकीकडे, 'श्शोच्की' म्हणजे गाल. या चार शब्दांत सगळी गोष्ट आली.

अ त्येपेर-ता कोस्ती!
दाय स्खादीत म्न्ये व गोस्ती.
पगाश्शू उ दोच्की,
अत्राश्शू या श्शोच्की.

आता नुसती हाडं आहेत, पाहुणी म्हणून जाऊ दे. लेकीकडे राहीन, गाल वाढवून येईन. क्रियापदांची जोडी 'पगाश्शू-अत्राश्शू' ओळीच्या सुरुवातीला गेली, तिथे ती यमकाचं ओझं न होता नाचते. तूप मात्र गेलं. साजूक तुपाला रशियनमध्ये 'वितळवलेलं लोणी' असा लांबलचक शब्दप्रयोग आहे, तो या छोट्या ओळीत मावत नाही. कथेच्या गद्य भागात मी 'लोणी घातलेली काशा', म्हणजे दाट लापशी, ठेवली.

ओळ जमली की नाही हे कागदावर कळत नाही. रशियन मुलं खेळात कुणावर राज्य येणार हे ठरवायला जी गाणी म्हणतात, तशी ती बोट फिरवत म्हणून पाहायची. प्रत्येक जड अक्षरावर एक मूल. बोट हवेत थांबलं किंवा एका मुलावर दोनदा पडलं, की तिथे आघात चुकला आहे. वर दिलेल्या ओळींत 'चेरेझ'वर जोर अगदी हलका पडतो, पण मूल तो सहज ओलांडतं. हा दोष नाही, रशियन पद्यात अशी मोकळी जागा चालते. दोन आघात शेजारी आले तर मात्र सुटका नाही.

छापताना एक गोष्ट संपादकाला आधीच सांगून ठेवावी. मोठ्यांच्या पुस्तकांत 'यो' या अक्षरावरचे दोन ठिपके बहुतेक वेळा गाळतात, संदर्भाने कळतं म्हणून. 'श्शोच्की'मध्ये तेच अक्षर आहे. ठिपके गेले तर नुकतं वाचायला शिकलेलं मूल 'श्शेच्की' वाचेल, 'दोच्की'शी यमक तुटेल आणि म्हातारीचे गाल वाढायचे राहून जातील.