चौकट : डॉक्टरांना द्यायची चिठ्ठी

'पोट साफ होत नाही' एवढंच सांगून अनेकजण दवाखान्यातून परततात. शौचावाटे रक्त जातं ही गोष्ट संकोचापायी ओठांतच राहते. ती आधी लिहून न्यावी. 52 वर्षांच्या एका बाईंची चिठ्ठी अशी असू शकेल :

"डॉक्टर, पाच महिन्यांपासून तीन-चार दिवसांनी एकदाच शौचाला होतं. खडा होतो, कुंथावं लागतं. पूर्वी रोज साफ व्हायचं. महिन्यातून दोन-तीनदा शेवटी लालभडक रक्ताचे थेंब पडतात, आगही होते. हिमोग्लोबिन कमी असल्याने लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यापासून शौचाचा रंग काळसर आहे, पण ते डांबरासारखं चिकट नाही. वजन घटलेलं नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे, रात्री इसबगोल घेते. माझ्या भावाला 48व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला.

लोहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं का? रक्त मूळव्याधीचं की चिरेचं, हे आज तपासून सांगाल का? हिमोग्लोबिन या रक्तस्रावामुळेच कमी आहे का? मी कोलोनोस्कोपी करून घ्यावी का?"

भावाचं वय चिठ्ठीत हवंच, कारण दुर्बिणीची तपासणी कधी करायची हे त्यावरही ठरतं. शेवटचा प्रश्नही गाळू नये. मूळव्याध सापडली, तरी आतड्यात वर दुसरं कारण नाही असं त्यातून सिद्ध होत नाही. नवं बद्धकोष्ठ, रक्त आणि कमी हिमोग्लोबिन एकत्र असताना नुसत्या मलमावर थांबणं मला धोक्याचं वाटतं.

रक्त थांबत नसेल, चक्कर येत असेल किंवा पोट फुगून वायूही सरत नसेल, तर चिठ्ठी राहू द्या, ताबडतोब रुग्णालय गाठा.