‘उठून दिसू द्या’ म्हणजे किती इंच?

कर्जत-मुरबाड रस्त्याने कशेळ्याकडे येताना दोन्ही बाजूंना फार्महाउसचे फ्लेक्स लागतात. असे बोर्ड डिझाइन करणं हे माझं काम, आणि त्यात हमखास येणारा शेरा म्हणजे ‘छान आहे, पण जरा उठून दिसू द्या.’ मुंबईचे मालक म्हणतात, ‘थोडं पॉप करा.’ कुठेतरी खटकतंय एवढंच या शेऱ्यावरून कळतं. काय बदलायचं ते आपल्यालाच शोधावं लागतं.

कशेळ्याच्या अलीकडे आत वळणाऱ्या एका फार्महाउसचा ६ बाय ४ फुटांचा बोर्ड घेऊ. मागे घराचा आणि भातशेतीचा फोटो, त्यावर पिवळ्या अक्षरांत लाल कडेचं नाव. खाली स्विमिंग पूल, रेन डान्स, व्हेज-नॉनव्हेज, दोन फोन नंबर आणि कोपऱ्यात छोटासा बाण. मालकांचा शेरा अर्थातच ‘उठाव नाही’.

अशा वेळी मी रंग भडक करायला घेत नाही. आधी विचारतो, ‘साहेब, हा बोर्ड कोण बघणार, आणि कुठून?’ उत्तर आलं, ‘शनिवारी गाडीतून येणारे. वळण चुकून पुढे जातात हो!’ खरी तक्रार या वाक्यात होती. बोर्ड देखणा हवा असं त्यांचं म्हणणंच नव्हतं. गाडी वेळेत वळायला हवी होती.

मग हिशेब सोपा होतो. ताशी ४० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. नाव वाचायला, बाण बघायला आणि वेग कमी करायला पाचेक सेकंद धरले, तर बोर्ड ५५-६० मीटरवरून, म्हणजे साधारण २०० फुटांवरून वाचता आला पाहिजे. बोर्डवाल्यांचा ठोकताळा असा, की १ इंच उंचीचं अक्षर १० फुटांवरून आरामात वाचता येतं, आणि नजर चांगली असेल तर २५-३० फुटांवरूनही ओळखू येतं. २०० फुटांसाठी किमान ७-८ इंच उंची हवी. आपल्या लिपीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायची. वेलांटी-मात्रा आणि उकार त्यात धरले, तर अक्षर कागदावर मोठं आणि रस्त्यावर लहान निघतं. या बोर्डावर नाव ५ इंचांचं होतं.

हे मालकांना पटवायला मोबाइल पुरतो. ६ फुटांचा बोर्ड २०० फुटांवरून जेवढा दिसतो, तेवढंच हात लांब करून धरलेल्या मोबाइलवर पावणेदोन सेंटिमीटर रुंदीचं चित्र दिसतं. डिझाइन तेवढं बारीक करून त्यांच्या हातात दिलं. नाव अंधुक दिसत होतं, बाण तर दिसतच नव्हता.

दुसरी तपासणी रंगांची. तेच चित्र कृष्णधवल केलं, तर पिवळं नाव फोटोतल्या फिक्या आभाळात विरून गेलं आणि लाल कड हिरव्या शेतात मिसळली. पिवळा आणि आभाळ दोन्ही सारखेच उजळ, लाल आणि हिरवा सारखेच गडद. असे रंग कितीही झगझगीत केले, तरी लांबून अक्षर सुटं होत नाही.

बदल चारच केले. फोटो काढून सपाट गडद निळी पार्श्वभूमी घेतली, कारण इथे पावसाळ्यात सगळं हिरवं आणि एप्रिलमध्ये सगळं पिवळट असतं, निळा दोन्हींत वेगळा पडतो. छपाईत निळ्याचा जांभळा होऊ नये म्हणून मजेंटा सायनपेक्षा बराच कमी ठेवला. नाव पांढरं, ८ इंचांचं केलं. बाण वळणाच्या बाजूला घेऊन त्याला बोर्डाचा चौथा हिस्सा दिला. खालची यादी आणि फोन नंबर काढून टाकले.

‘पण एवढी जागा रिकामी का? पैसे तर पूर्ण फुटांचे देतोय!’ हा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे. चालत्या गाडीतून फोन नंबर कोणी उतरवून घेत नाही. पूल आणि जेवणाची यादी गेटजवळच्या बोर्डावर टाकली, कारण माणूस तिथे थांबून वाचतो. मग नावाची तेवढी एक पट्टी खऱ्या मापात छापून जागेवर धरली आणि मालकांना समोरून गाडीतून यायला सांगितलं. फ्लेक्स चौरस फुटावर मिळतो, त्यामुळे ही चाचणी स्वस्तात होते.

याच चाचणीत डिझाइनच्या हाताबाहेरची गोष्टही सापडते. बोर्डापुढे झाडाची फांदी असेल, तर अक्षर १२ इंचांचं करूनही उपयोग नाही, बोर्डच हलवावा लागतो.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी मी मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवतो: ‘नाव ५ वरून ८ इंच, फोटो काढून निळा रंग, बाण मोठा, यादी गेटवर.’ त्यावर त्यांचा होकार घेतो. त्यानंतर येणारा शेरा ‘अजून उठाव द्या’ असा राहत नाही. ‘बाण अजून थोडा वर घ्या’ असा येतो, आणि तो लगेच करता येतो.